भाजीतली हळद आणि डबीतली हळद

प्रश्न : आम्ही दौंड तालुक्यातले. वडील चौसष्ट वर्षांचे, साखर कारखान्यातून निवृत्त झालेले. गुडघे दुखतात म्हणून शेजाऱ्यांच्या सांगण्यावरून त्यांनी हळदीच्या कॅप्सूल सुरू केल्यात, सकाळी एक, रात्री एक. आई म्हणते, जन्मभर हळद खातोय, जेजुरीला गेलो की भंडाऱ्यात न्हाऊन निघतो, हळदीनं कुणाचं काय बिघडलंय? आईचं खरं मानायचं का?

उत्तर : भाजीतल्या हळदीबद्दल आई म्हणतात ते अगदी खरं आहे. पण त्या डबीत जे आहे ते भाजीतल्या हळदीच्या जातीचं असलं तरी मापाचं नाही. आधी माप काढू.

चहाचा एक सपाट चमचा हळद म्हणजे साधारण तीन ग्रॅम. चौघांच्या घरात भाजी, आमटी, फोडणीचा भात धरला तर माणशी दिवसाला दोन ग्रॅमच्या आसपास हळद पोटात जाते. कोणी सढळ हाताचं असेल तर थोडी जास्त. या हळदीत ज्या द्रव्यासाठी तिचं नाव घेतलं जातं ते कर्क्युमिन, त्याच्या भावंडांसह, सुमारे तीन टक्के असतं. वाणानुसार हे कमीजास्त होतं, पण तीन टक्के हा धरून चालण्याजोगा आकडा आहे. म्हणजे दोन ग्रॅम हळदीतून साठ मिलिग्रॅम.

आता डबी उलटी करा आणि मागचा बारीक मजकूर वाचा. बाजारातल्या बहुतेक डब्यांवर ‘हळदीचा अर्क ५०० मिलिग्रॅम, ९५ टक्के कर्क्युमिनॉइड्स’ अशा अर्थाचं काहीतरी लिहिलेलं असतं. पाचशेच्या पंचाण्णव टक्के म्हणजे ४७५. दिवसाला दोन घेतल्या की ९५०. घरच्या हळदीतून एवढं कर्क्युमिन मिळवायचं तर तीस-बत्तीस ग्रॅम हळद खावी लागेल, म्हणजे चहाचे दहा चमचे. एका दिवसात. कोणी खाऊन दाखवावी! तिसरा चमचाच घशाखाली उतरणार नाही. तुमचे वडील रोज सोळा दिवसांचं कर्क्युमिन एका दिवसात घेताहेत, आणि चव लागत नसल्यामुळे ते जिभेला कळत नाही.

जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना यांची जी संयुक्त तज्ज्ञ समिती आहे, तिनं आयुष्यभर रोज घेतलं तरी चालेल असं कर्क्युमिनचं प्रमाण वजनाच्या दर किलोमागे तीन मिलिग्रॅमपर्यंत धरलं आहे. साठ किलोच्या माणसाला १८० मिलिग्रॅम. घरची हळद या रेषेच्या बरीच अलीकडे राहते, दोन कॅप्सूल तिच्या पाचपट पलीकडे जातात. रेषा ओलांडली की लगेच विषबाधा होते असं मुळीच नाही. अशा रेषा भरपूर मोकळी जागा सोडूनच आखलेल्या असतात. पण आपण कुठल्या बाजूला उभे आहोत हे माहीत असलेलं बरं.

प्रश्न : ‘थेराप्युटिक इंडेक्स’ असा शब्द वाचनात आला. तो जास्त असला की औषध सुरक्षित, एवढंच समजलं. नेमकं काय आहे?

उत्तर : दोन मात्रांमधलं ते गुणोत्तर आहे. एक मात्रा अशी, की जिच्यामुळे शंभरातल्या पन्नास जणांना गुण येतो. दुसरी अशी, की जिच्यामुळे शंभरातल्या पन्नास जणांना अपाय होतो. दुसरीला पहिलीनं भागायचं. गुण दहा मिलिग्रॅमला येत असेल आणि अपाय हजारला होत असेल तर गुणोत्तर शंभर. म्हणजे चुकून दुप्पट गोळी घेतली तरी माणूस निभावून जातो. गुण दहाला आणि अपाय वीसला असेल तर गुणोत्तर दोन, आणि मग प्रत्येक मिलिग्रॅम जपून द्यावा लागतो. हृदयासाठीचं डिगॉक्सिन, मनोविकारांसाठीचं लिथियम, रक्त पातळ करणारं वॉरफॅरिन ही या अरुंद गटातली नावं. म्हणूनच ही औषधं चालू असली की डॉक्टर सारखी रक्त तपासायला लावतात.

स्वयंपाकघरातल्या पदार्थांच्या बाबतीत एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. आपण जी हळद खातो ती गुण येण्याच्या मात्रेच्यासुद्धा कितीतरी खाली असते. थायलंडमध्ये २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत गुडघेदुखीच्या ३६७ रुग्णांवर हळदीचा अर्क आणि आयबुप्रोफेन यांची तुलना झाली. चार आठवडे रोज १५०० मिलिग्रॅम अर्क दिला, तेव्हा तो आयबुप्रोफेनच्या तोडीचा ठरला. साठ मिलिग्रॅमनं असा काही फरक पडल्याचं कोणी दाखवलेलं नाही. तेव्हा भाजीतली हळद निर्धोक असण्याचं कारण ती ‘नैसर्गिक’ असणं हे नव्हे, त्या मात्रेला ती औषध नसते हे आहे. कॅप्सूल तिला औषधाच्या मात्रेला नेते. मग औषधाला जे नियम लागू असतात ते तिलाही लागू होतात, डबीवर हिरवं पान छापलेलं असो वा नसो.

निसर्गातलं म्हणून निर्धोक, असं मानणाऱ्यानं आपल्याच बांधावरची कण्हेर आठवावी. तिची द्रव्यं हृदयावर डिगॉक्सिनसारखीच चालतात. तिला स्वयंपाकघरातली अशी मात्राच नाही.

प्रश्न : वडिलांच्या डबीवर ‘पायपरीन ५ मिग्रॅ’ असंही लिहिलंय. दुकानदार म्हणाला, त्यानं हळद अंगी लागते. चांगलंच ना मग?

उत्तर : दुकानदारानं सांगितलं ते खरं, पण अर्धं.

पायपरीन म्हणजे काळ्या मिऱ्याचा तिखटपणा. कर्क्युमिन एरवी शरीरात फारसं टिकत नाही. बरंचसं आतड्यातून तसंच बाहेर पडतं, जे शोषलं जातं त्याला आतडं आणि यकृत लगोलग साखरेसारखा एक रेणू चिकटवून बाहेरची वाट दाखवतात. पायपरीन हे चिकटवण्याचं काम मंदावतं. बंगळुरूच्या सेंट जॉन्स मेडिकल कॉलेजातल्या संशोधकांनी १९९८ साली हे मोजून दाखवलं. निरोगी माणसांना दोन ग्रॅम कर्क्युमिन नुसतं दिलं तर रक्तात जेमतेम सापडायचं, सोबत वीस मिलिग्रॅम पायपरीन दिलं की शोषण वीस पटींनी वाढायचं.

मिऱ्याची ही करामत आपल्याकडे औषधातही वापरली गेली आहे. क्षयरोगावरच्या रिफॅम्पिसिनसोबत दहा मिलिग्रॅम पायपरीन घालून एक कॅप्सूल भारतात तयार झाली, आणि तिच्यात नेहमीच्या ४५० ऐवजी २०० मिलिग्रॅम रिफॅम्पिसिन ठेवलं. म्हणजे पायपरीन घातलं म्हणून मूळ औषध निम्म्याहून कमी केलं. हळदीच्या डबीत पायपरीन घालतात, पण कर्क्युमिन कमी करत नाहीत. डबीवरच्या मजकुरातून ४७५ हा आकडा निघतो, पण रक्तात त्याचं काय होणार हे त्या आकड्यावरून सांगता येत नाही. सुरक्षिततेचं जे काही गणित साध्या कर्क्युमिनवर मांडलेलं आहे ते इथे जसंच्या तसं लागू करता येत नाही. ‘नॅनो’, ‘लिपोसोमल’, ‘अधिक शोषण’ असं लिहिलेल्या डब्यांनाही हेच लागू.

आता तुम्ही विचाराल की हळदीच्या दुधात आपण मिरी घालतोच की. चार-पाच मिऱ्यांत दहा मिलिग्रॅमच्या वर पायपरीन सहज असतं, म्हणजे डबीपेक्षा कमी नाही. फरक दुसऱ्या बाजूला आहे. अर्धा चमचा हळदीत कर्क्युमिन पंचेचाळीस मिलिग्रॅम, दोन कॅप्सूलांत ९५०. मिऱ्यानं शोषण वाढलं तरी मुळात वाढायला फार काही नसतं. सर्दी झाल्यावर चार रात्री हळदीचं दूध घेणाऱ्यानं घाबरू नये.

प्रश्न : आमच्याकडे कॅप्सूल विकणारा एक प्रतिनिधी येतो. तो म्हणतो, परदेशात लोकांना रोज आठ ग्रॅम कर्क्युमिन देऊन पाहिलंय, काही झालं नाही. मग ९५० मिलिग्रॅमची भीती कशाला?

उत्तर : तो खोटं बोलत नाही. तैवानमध्ये तसा अभ्यास झाला होता, २००१ साली प्रसिद्ध झाला. पंचवीस रुग्णांना वाढत्या मात्रेनं, आठ ग्रॅमपर्यंत, तीन महिने कर्क्युमिन दिलं आणि विषारी परिणाम दिसला नाही. त्यावरून बघितलं तर हळदीच्या अर्काचं गुणोत्तर ऐसपैस वाटतं. तरीही २०१९ साली इटलीत हळदीचे पूरक पदार्थ घेणाऱ्यांमध्ये यकृताच्या सुजेचे रुग्ण एकापाठोपाठ एक सापडले. ऑस्ट्रेलियाच्या औषध नियंत्रकांनी २०२३ मध्ये अशाच पदार्थांबद्दल जाहीर इशारा दिला. अमेरिकेत औषधांनी होणाऱ्या यकृतइजेची नोंद ठेवणारं रुग्णालयांचं एक जाळं आहे. त्यांनी २०२२ मध्ये हळदीमुळे यकृत बिघडलेले दहा रुग्ण तपशीलवार मांडले. पाच जणांना रुग्णालयात दाखल करावं लागलं, एक दगावला.

दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा? तैवानातलं कर्क्युमिन साधं होतं, त्यातलं बरंचसं पोटातून तसंच बाहेर पडलं असणार. आठ ग्रॅम गिळणं म्हणजे आठ ग्रॅम अंगात जाणं नव्हे. हे झालं एक. दुसरं अधिक महत्त्वाचं आहे. पंचवीस जणांत एकालाही त्रास झाला नाही याचा अर्थ हजारात एकाला होणार नाही असा होत नाही. संख्याशास्त्रातला साधा ठोकताळा आहे : तीनला रुग्णसंख्येनं भागायचं. तीन भागिले पंचवीस, म्हणजे बारा टक्के. त्या अभ्यासावरून छातीठोकपणे एवढंच म्हणता येतं की त्रास बारा टक्क्यांपेक्षा कमी लोकांना होत असावा. हजारात एक हा आकडा त्याच्या दृष्टीच्या पलीकडचा आहे.

आणि हा त्रास एखाद्यालाच का होतो, याचा धागाही अमेरिकेतल्या त्या दहा रुग्णांत सापडला. दहापैकी सातजणांत रोगप्रतिकारशक्तीशी संबंधित एक विशिष्ट जनुक-प्रकार होता. सर्वसाधारण लोकांत तो बराच कमी आढळतो. हिरव्या चहाच्या अर्कानं यकृत बिघडलेल्या रुग्णांतही हाच प्रकार जास्त दिसला आहे. तो असणाऱ्या प्रत्येकाला त्रास होतो असं नाही, पण ज्याला होतो त्याला तो त्याच मात्रेला होतो, ज्या मात्रेला इतरांचे गुडघे हलके होतात. अशा माणसापुरतं गुण आणि अपाय यांतलं अंतर जवळपास संपलेलं असतं. थेराप्युटिक इंडेक्स पन्नास टक्के लोकांवरून काढतात, त्यामुळे तो अशा एखाद्याबद्दल काहीच सांगत नाही. शिरूर किंवा दौंडमध्ये हे जनुक तपासून कॅप्सूल देणारं कोणी नाही, आणि तेवढ्यासाठी तपासणं परवडणारंही नाही. भाजीतल्या साठ मिलिग्रॅमला मात्र हा प्रश्न उद्भवताना दिसत नाही, नाहीतर घरोघरी पिढ्यान्‌पिढ्या कळलं असतं.

प्रश्न : माझ्या सासूबाईंच्या हृदयाची झडप बदललेली आहे, रक्त पातळ होण्याची गोळी चालू आहे. त्यांनी कॅप्सूल घेतली तर?

उत्तर : घेऊ नये. इथे मी ‘डॉक्टरांना विचारा’ असंही म्हणत नाही, सुरू केली असेल तर आधी बंद करा आणि मग विचारा.

इथला धोका हळदीच्या गुणोत्तराचा नाही, त्या गोळीच्या गुणोत्तराचा आहे. वॉरफॅरिन किंवा त्याच्या जातीची गोळी घेणाऱ्यांचं आयएनआर तपासतात, ते साधारण दोन ते तीनच्या दरम्यान ठेवायचं असतं, काही कृत्रिम झडपांना थोडं वर. न्यूझीलंडच्या औषध नियंत्रकांनी २०१८ मध्ये एक प्रकरण नोंदवलं. वॉरफॅरिनवर स्थिर असलेल्या रुग्णानं हळदीचा पूरक पदार्थ सुरू केला आणि काही आठवड्यांत आयएनआर दहाच्या वर गेलं. दहा म्हणजे डोक्यात किंवा पोटात रक्तस्राव कधीही सुरू होऊ शकेल अशी अवस्था. ज्या औषधाची वाट मुळातच अरुंद, त्याला बाजूनं लागलेला लहानसा धक्काही पुरतो. फिट्सच्या फेनिटॉइनचंही असंच, पायपरीननं त्याचं रक्तातलं प्रमाण वाढतं. सासूबाईंच्या भाजीतली हळद मात्र काढू नका. उलट रोजच्या खाण्यात एकदम बदल केला तरी त्या गोळीचं गणित बिघडतं.

प्रश्न : घरातले सगळेच मसाले हळदीसारखे ऐसपैस असतात का?

उत्तर : नाहीत. जायफळ घ्या. श्रीखंडात, पुरणात आपण किसणीवरून चिमूटभर पाडतो, वाटणीला माणशी ग्रॅमचा दहावा हिस्साही येत नसेल. एक अख्खं जायफळ पाच-सहा ग्रॅमचं असतं आणि तेवढ्याचं चूर्ण एका बैठकीत घेतलं की मळमळ, छातीत धडधड, तोंडाला कोरड आणि भास होऊ शकतात. स्वयंपाकघरातलं माप आणि त्रासाचं माप यांत पन्नास-साठ पटींचंच अंतर, आणि तेही अर्क न काढता. झोप येत नाही म्हणून दुधात जायफळाचा ‘मोठा चमचा’ टाकण्याचा सल्ला फिरतो, तो या हिशेबानं पाहावा.

जुन्या बायांना हे माहीत होतं. बाळगुटी देताना जायफळ, वेखंड, हळकुंड सहाणेवर उगाळायचं, पण प्रत्येकाचे वेढे मोजून. जायफळाचा एखादाच वेढा, बाळ पेंगुळलं की दुसऱ्या दिवशी तोही नाही. ही मात्रेची शिस्तच होती. आज बालरोगतज्ज्ञ सहा महिन्यांपर्यंत आईच्या दुधाखेरीज काहीच देऊ नका म्हणतात, आणि ते ऐकावं. पण बाटलीतून चमच्यानं ‘तयार गुटी’ पाजणाऱ्यांनी निदान एवढं ध्यानात घ्यावं की बाटलीत वेढे मोजता येत नाहीत.

प्रश्न : मग वडिलांनी आता करायचं काय? दोन महिने झालेत सुरू करून.

उत्तर : दोन महिने म्हणजे नेमका लक्ष ठेवण्याचा काळ. नोंदलेल्या रुग्णांत त्रास बहुधा सुरुवातीनंतर एक ते चार महिन्यांत दिसला आहे. पहिल्या आठवड्यात काही झालं नाही म्हणून निश्चिंत होता येत नाही.

विचारायचं ते असं : भूक मेली आहे का, मळमळतं का, विनाकारण थकवा आहे का, अंगाला खाज सुटते का, लघवी गडद चहासारखी होते का, डोळ्यांच्या पांढऱ्या भागावर पिवळी झाक आहे का. डोळे दिवसाच्या उजेडात बघा, ट्यूबलाइटखाली झाक कळत नाही. यातलं एक जरी असेल तर कॅप्सूल त्याच दिवशी बंद, आणि रक्तातलं बिलिरुबिन, एसजीपीटी, एसजीओटी व अल्कलाइन फॉस्फटेज तपासून घ्या. तालुक्याच्या कुठल्याही पॅथॉलॉजीत आणि सरकारी रुग्णालयात ही तपासणी होते. डॉक्टरकडे जाताना डबी बरोबर न्या. ‘काही औषध चालू आहे का’ असं विचारलं की माणूस बीपीची गोळी सांगतो, हळदीची सांगत नाही, कारण त्याच्या लेखी ते औषधच नसतं.

आपल्या भागात एक अडचण वेगळीच आहे. कावीळ झाली की घरात पहिल्यांदा तेल आणि हळद बंद होते. भाजी पांढरीफटक होते, रुग्णाला कावीळ उतरवणाऱ्याकडे नेतात, आणि रात्री झोपताना तो गुडघ्यांची कॅप्सूल इमानानं घेत राहतो. साठ मिलिग्रॅम बंद, ९५० चालू! या उतरवण्यात गेलेले आठ-दहा दिवस फार महागात पडू शकतात. कॅप्सूल वेळेत थांबवली तर बहुतेकांचं यकृत काही आठवड्यांत पूर्ववत होतं. पुन्हा सुरू केली तर मात्र त्रास परततो, अनेकदा पहिल्यापेक्षा लवकर, त्यामुळे ‘थोडे दिवस थांबून बघू’ हा प्रयोग करू नये.

काहीच लक्षण नसेल, रक्त पातळ करणारी, फिट्सची किंवा क्षयाची गोळी चालू नसेल, आधी यकृताचा आजार झालेला नसेल आणि दारूचा प्रश्न नसेल, तरी मी वडिलांना ही डबी संपली की पायपरीन असलेली पुन्हा आणू नका असंच सांगेन. गुडघ्यांना खरंच आराम पडत असेल आणि त्यांना घ्यायचीच असेल तर डॉक्टरांना सांगून, साधी, ठरावीक मुदतीसाठी, आणि महिन्या-दीड महिन्यानं एकदा एसजीपीटी बघून. आराम पडत नसेल तर महिनाभरात बंद. एक महिना हा पुरेसा वेळ आहे, थायलंडमधली ती चाचणीही चारच आठवड्यांची होती.

डबी घेताना आणखी एक बघा. अन्नपूरक म्हणून विकल्या जाणाऱ्या डबीवर ‘औषधी वापरासाठी नाही’ असं इंग्रजीत छापणं आपल्याकडे सक्तीचं आहे. सांधेदुखीवर रामबाण म्हणून हातात दिलेल्या डबीवर हेच वाक्य सापडलं, तर विकणाऱ्यालाच ते मोठ्यानं वाचून दाखवायला सांगा. आणि त्रास झालाच, तर आपल्या देशात औषधांच्या दुष्परिणामांची नोंद करायला १८००-१८०-३०२४ हा मोफत क्रमांक आहे. तिथे रुग्ण किंवा नातेवाईकही कळवू शकतात. कळवताना डबीचा फोटो, बॅच क्रमांक, सुरू केल्याची आणि बंद केल्याची तारीख, आणि रक्ततपासणीचे आकडे जवळ ठेवा.